बारकीला काय लिहायचं?

संध्याकाळी पावणेआठला टेलिग्रामवर पीडीएफ आली. राज्यसेवेची सर्वसाधारण गुणवत्ता यादी. मी ऑफिसमधून परतत होते, पीएमपीच्या बसमध्ये उभी होते, एका हातात दांडा आणि दुसऱ्यात फोन. आता त्या यादीशी माझा काही संबंध नाही. तयारी सोडून चार वर्षं झाली. पण त्या चॅनेलमधून मी कधी बाहेर पडले नव्हते, आणि यादी उघडून बघायची सवयही गेली नव्हती. बारकीची मुलाखत झालेली आहे हे मला माहीत होतं. तिचं आडनाव सर्चमध्ये टाकलं. तीन जण निघाले. दुसरी ती होती.

मी ते नाव दोनदा वाचलं. मग वडिलांचं नाव वाचलं, माझ्या मामाचं. तीच.

बसमध्येच तिचं चॅट उघडलं आणि लिहायला लागले. पहिला मेसेज लिहिला, खोडला. दुसरा लिहिला, खोडला. स्वारगेट आलं, मी उतरले, घरापर्यंत चालत गेले, कुकर लावला. तिला मेसेज गेला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तोपर्यंत आमच्या आजोळच्या ग्रुपवर शंभरेक मेसेज पडले होते. गुच्छ, पेढे, दिवे, टाळ्या, सगळं.

इतकं साधं काम मला पाऊण तास का जमलं नाही, याबद्दल हे लिहिते आहे. बहीण पास झाली, आनंद झाला, अभिनंदन म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, त्यात अडण्यासारखं काय होतं?

आधी आम्ही कोण ते सांगते. बारकी माझी मामेबहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आणि उंचीनेही बेताची, म्हणून बारकी. आमचं आजोळ माण तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला कडेवर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली आहे. तिला एक थोरला भाऊ आहे, त्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो. मी पुण्यात येऊन राज्यसेवेची तयारी सुरू केली, माझ्यामागून भाऊ आला, त्याच्यामागून बारकी. मी तीन प्रयत्न दिले. तिसऱ्यात पूर्वपरीक्षेला दीड गुण कमी पडला. मग एका खासगी कंपनीत अकाउंट्सला लागले. भाऊ अजून पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. त्याचा हा सहावा प्रयत्न होता. यादीत मी त्याचंही नाव शोधलं. आडनाव तेच, तीन नावांपैकी एक त्याचं असू शकलं असतं. नव्हतं.

म्हणजे एकाच यादीपाशी आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे होतो. माझ्या मेसेजचा घोळ इथून सुरू होतो.

पहिला मेसेज असा होता: “बारके, घराण्याचं नाव काढलंस!” आपल्याकडे हे वाक्य आपोआप बोटांतून येतं. पाठवायच्या आधी वाचलं आणि खटकलं. यात बारकी कुठे आहे? तिने जे केलं त्यामुळे आमचं, म्हणजे माझं, मामाचं, आजीचं, सगळ्या गोतावळ्याचं काय झालं हे त्यात आहे. आणि घराण्याचं नाव एकीने काढलं, तर त्याच घरातल्या दुसऱ्याने काय केलं, हा प्रश्न न विचारताच विचारला जातो. हा मेसेज बारकी आईला दाखवणार, आई भावाला दाखवणार.

दुसरा: “मला जे जमलं नाही ते तू करून दाखवलंस.” हा तर मला चांगला वाटत होता. नम्र आहे, मोठ्या मनाचा आहे. पण पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की वाक्याची सुरुवात ‘मला’ने होते आहे. तिच्या आनंदाच्या दिवशी मी तिच्या हातात माझं अपयश देते आहे, आणि तिने ते घेऊन “असं काय बोलतेस ताई, तूसुद्धा किती कष्ट केलेस” असं म्हणावं अशी माझी आतून अपेक्षा आहे. म्हणजे अभिनंदन मी करणार आणि समजूत तिने काढायची. ही सुद्धा तुलनाच, फक्त मी तिच्यात खालच्या बाजूला उभी.

तिसरा: “शेवटी कष्टाचं चीज झालं.” यात ना मी, ना घराणं. तरी पाठवता येईना. कारण मी भावाचा दिवस बघितलेला आहे. तो सकाळी सातला अभ्यासिकेत जातो, दुपारी मेसचा डबा, रात्री अकराला परत. कष्टाचं चीज होतंच असेल, तर ज्याचं झालं नाही त्याने कष्ट केले नाहीत असा अर्थ निघतो. बारकीलाही हे कळतं. दोघं वर्षभर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना प्रश्न विचारत होते.

तीन वाक्यं, आणि तिन्ही तशी सज्जन. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. पण प्रत्येकात तिच्या शेजारी कुणाला तरी उभं केलेलं होतं: कधी घराला, कधी मला, कधी भावाला.

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही फार विचार करता. मलाही तेच वाटलं. पण वाक्य सापडत नाही तेव्हा बहुतेकदा अडचण वाक्यात नसते. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मला मान्य करावं लागलं, की पीडीएफमध्ये तिचं नाव दिसल्यावर आनंद झाला हे खरं, आणि त्याच्याच पाठोपाठ पोटात काहीतरी आवळलं हेही खरं.

या आवळण्याला मराठीत एकच शब्द नाही, आणि ते बरं आहे. आपण हेवा, मत्सर, असूया हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण नीट बघितलं तर ती तीन वेगळी दुखणी आहेत. हेवा म्हणजे तुझ्याकडे आहे ते मलाही हवं होतं. त्यात तुझं काही जात नाही. मत्सर म्हणजे तुझ्याकडे आहे हेच मला सोसत नाही, मग ते मला मिळो न मिळो. आणि असूया सगळ्यांत हुशार. ती तुझ्या चांगल्या गोष्टीतच खोट काढते. गुणात दोष शोधणं, हीच तिची संस्कृतातली जुनी व्याख्या.

त्या रात्री असूया मी प्रत्यक्ष ऐकली, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून होती म्हणून पटकन ओळखता आली. माझ्याबरोबर तयारी करणाऱ्या एका मित्राला बातमी सांगितली, तर तो म्हणाला, “छान. पण मुलींचा कटऑफ खाली लागतो ना, त्यात बरं पडतं.” महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यांची सीमारेषा वेगळी लागते, ही माहिती खरी आहे. पण ती त्या क्षणी का सांगितली गेली? खरी माहिती चुकीच्या कामाला लावता येते. ज्या घरात भावाला पुण्याला पाठवताना कुणी विचारलं नाही आणि बहिणीला पाठवताना दोन वर्षं घासाघीस झाली, त्या घरातल्या मुलीला मिळालेल्या गुणांमागे काय काय आहे, हे सीमारेषेत दिसत नाही. पण मी त्याच्याशी भांडले नाही. कारण मला आठवलं, की तिसऱ्या प्रयत्नात माझी राहिली तेव्हा पास झालेल्या मैत्रिणीबद्दल मीच म्हणाले होते, “तिचा ऑप्शनचा अंदाज चांगला लागतो.” तेव्हा ते मला निरीक्षण वाटलं होतं.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मत्सराचं वर्णन केलं आहे. त्यातलं मला सर्वांत उपयोगी पडलेलं निरीक्षण असं, की मत्सर आपल्याला बरोबरीच्यांचा वाटतो. कुळाने, वयाने, ठिकाणाने, प्रतिष्ठेने जे जवळचे, त्यांचा. दहा हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्याचा कुणी मत्सर करत नाही, आणि आपल्याहून खूप वर किंवा खूप खाली असलेल्याचाही नाही. म्हणूनच यादीत पहिला आलेल्या अनोळखी मुलाबद्दल मला काहीच वाटलं नाही. ज्या मुलीला मी कडेवर घेतलं तिच्याबद्दल वाटलं. हे वाचल्यावर थोडं हलकं वाटतं. पोटात आवळलं ते मी वाईट बहीण आहे म्हणून नव्हे, तर मी जवळची आहे म्हणून. जिथे ते उगवतं तिथेच प्रेमही राहतं, दोघांचा पत्ता एक.

अ‍ॅरिस्टॉटल मत्सरापासून आणखी एक भावना वेगळी काढतो. दुसऱ्याकडे आहे याचं दुःख नाही, पण आपल्याकडे नाही याचं आहे, आणि ते मिळवावंसं वाटतं. हा आपला हेवाच, चांगल्या अर्थाचा. याला तो सज्जनांची भावना मानतो. मी स्वतःला विचारलं, माझं कुठलं? बारकीचं नाव यादीतून जावं असं वाटतं का? क्षणभरही नाही. माझं असायला हवं होतं असं वाटतं का? हो. म्हणजे हेवा. ठीक आहे, हेव्याबरोबर राहता येतं.

पण एवढ्याने मेसेज लिहून होत नव्हता. मत्सर नाही म्हणजे आनंद आहे, असं थोडंच असतं?

इथे मला दुसरी एक गोष्ट आठवली, जी मी गंमत म्हणजे राज्यसेवेच्याच अभ्यासात, प्राचीन भारताच्या इतिहासात, एका ओळीपुरती वाचली होती आणि नंतर कुतूहलाने पुढे वाचली. बौद्ध परंपरेत चार ब्रह्मविहार सांगितले आहेत: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. त्यातली मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या भल्यात होणारा आनंद. पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात तो या प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगतो, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू म्हणजे उघड विरुद्ध भावना. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो समोरून येतो, दिसतो. जवळचा शत्रू मात्र त्या भावनेसारखाच दिसतो, शेजारीच राहतो, म्हणून ओळखू येत नाही. मुदितेचा दूरचा शत्रू म्हणजे दुसऱ्याच्या भल्याबद्दलची नावड. आणि जवळचा शत्रू? पाली शब्द आहे गेहसित सोमनस्स. गेह म्हणजे घर. घराला, प्रपंचाला चिकटलेला आनंद.

बुद्धघोषाच्या मनात या शब्दाने फक्त कुटुंब आहे असं नाही. जे हवंहवंसं आहे ते आपल्याला मिळाल्याचा सगळा संसारी आनंद त्यात येतो. पण आमच्या ग्रुपवर पडलेले ते शंभर मेसेज वाचताना मला तो शब्द अगदी घरगुती अर्थानेच दिसायला लागला. “आता आपली कामं होणार.” “आता सोयरिकीला कुणी नाही म्हणणार नाही.” “आपल्या घरात लाल दिवा.” लाल दिवे सरकारी गाड्यांवरून 2017 मध्येच गेले, पण ग्रुपवर अजून फिरतात. हे सगळे आनंदाचेच मेसेज होते. कुणाच्या मनात मत्सराचा कण नव्हता. पण तो आनंद बारकीच्या भल्यात नव्हता, आपल्याला काय मिळालं त्यात होता. बारकी त्यात निमित्त.

मी इतका वेळ दूरच्या शत्रूला शोधत होते, आपल्या पोटात मत्सर आहे की काय ते तपासत होते. माझे मेसेज मात्र जवळच्या शत्रूने लिहिलेले होते. पहिल्या वाक्यातलं घराणं तेच. दुसऱ्या वाक्यातला ‘मला’ त्याचाच भाऊ.

‘अभिनंदन’ या शब्दाकडेही मग मी नव्याने बघितलं. ‘नन्द्’ म्हणजे आनंदणं, आणि ‘अभि’ म्हणजे च्याकडे, च्या दिशेने. कुणाकडे तरी तोंड करून आनंदणं. नुसतं आनंदणं पुरेसं नाही, तोंड कुठे आहे हे महत्त्वाचं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खोडून काढणं सोपं नाही. स्पर्धा परीक्षा म्हणजेच तुलना. गुणवत्ता यादी म्हणजे माणसं एकाखाली एक लावलेली. तिथे कुणी नापास झालंच नसतं तर बारकीच्या पास होण्याला अर्थ काय उरला असता? मग तुलनेशिवाय अभिनंदन म्हणजे ढोंग नाही का?

माझं उत्तर माझ्या दीड गुणापासून सुरू होतं. पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण. बरोबर उत्तराला 2, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. म्हणजे एखादं चुकलेलं उत्तर बरोबर आलं असतं, तर अडीच गुणांचा फरक पडतो. मला दीड कमी होता. एक प्रश्न. किंवा चुकलेल्यांपैकी तीन मी नुसते कोरे सोडले असते तरी सीमारेषेवर पोचले असते. त्यात पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती जातात, मग अंतिम तालिकेत एखादं उत्तर बदलतं, एखादा प्रश्न रद्द होतो. ज्याचा तो प्रश्न बरोबर होता त्याचे गुण जातात, ज्याचा चुकला होता तो सुटतो. ही परीक्षा घेणाऱ्यांची खोड नव्हे. लाखो जणांना एका मोजपट्टीवर उभं केलं, की सीमारेषेच्या अल्याडपल्याड अशी माणसं उभी राहणारच, ज्यांच्यात एका प्रश्नाचा फरक आहे.

म्हणून यादी जे सांगते ते मर्यादित आहे. इतक्या जागा आहेत, इतके गुण पडले, या क्रमाने बोलवा. प्रशासनाला तेवढं लागतं आणि यादी ते काम नीट करते. माणसामाणसातला फरक सांगायला ती केलेलीच नाही. तुलना करायची होती ती करून झाली, पीडीएफ निघाली. मी मेसेजमध्ये ती पुन्हा कशाला करू? निकाल लावणं आणि अभिनंदन करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पण इथेही घसरायला जागा आहे, आणि मी घसरणारच होते. हा एका प्रश्नाचा हिशेब मला फार धीर देतो. भावालाही देईल. म्हणून मी चौथा मेसेज लिहायला घेतला होता, “निकाल म्हणजे शेवटी नशीबही असतं, पण…” आणि थांबले. जो हिशेब हरलेल्याला आधार देतो, तोच जिंकलेल्याच्या तोंडावर मारला की अपमान होतो. बारकीने पूर्व, 800 गुणांची मुख्य आणि 100 गुणांची मुलाखत अशा तीन पायऱ्या पार केल्या होत्या. तिन्ही ठिकाणी तिचा एक प्रश्न चुकला असता तर, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आजच्या रात्री ते मी सांगायची गरज नव्हती. खरं असणं पुरत नाही. कुणाला, केव्हा आणि कशासाठी सांगतो, यावर त्या खऱ्याचं काय होतं ते ठरतं.

शेवटी जो मेसेज गेला तो असा: “बारके, यादीत तुझं नाव बघितलं. दोनदा बघितलं. फार आनंद झाला गं. मोकळी झालीस की फोन कर, कितीही वाजू दे.”

फोन रात्री साडेअकराला आला. मी ठरवलं होतं, की सांगायचं कमी, विचारायचं जास्त. “कुठे होतीस गं, कळलं तेव्हा?” मग तिने सगळं सांगितलं. ती गावी होती. रेंज गच्चीवरच येते म्हणून वर गेली होती, वाळत घातलेल्या शेवयांना राखण बसल्यासारखी. पीडीएफ अर्धी उतरली आणि अडकली. तीन वेळा. चौथ्यांदा उघडली तेव्हा तिने आधी भावाचं नाव शोधलं.

“आधी त्याचं?”

“हा. माझं बघायची भीती वाटत होती. त्याचं नाही दिसलं, मग माझं बघूच नये असं वाटलं.”

मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, खाली जाऊन आईला सांगितलं, आई ओरडली, गल्ली जमा झाली, आणि ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. भावाचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. तो म्हणाला होता, “बारके, आता तरी माझी पेनं परत कर.” इतकंच. ती हे सांगताना हसत होती आणि रडतही होती. मी पाऊण तास जे वाक्य शोधत होते, ते भावाने एका झटक्यात म्हटलं होतं. त्यात अभिनंदन हा शब्दही नव्हता. त्यात टेबलाच्या दोन बाजू होत्या, त्या दोघांच्या, आणि त्या तशाच राहतील हे त्याने सांगून टाकलं होतं.

मग तिने विचारलं, “ताई, खरं सांग. तुला वाईट नाही ना वाटलं?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. “छे, वेडी का तू?” म्हटलं असतं तर तिला ते कळलं असतं, आणि पुढच्या वेळी तिने विचारलं नसतं. पण सगळं उघडं करून तिच्या पदरात टाकणंही बरोबर नव्हतं. मी म्हणाले, “थोडं दुखलं. माझं जुनं आहे ते, तुझ्यामुळे नाही. माझं मी बघते. पण आनंद झाला तो त्याहून मोठा आहे, आणि तो तुझ्यामुळे आहे.” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बरं झालं बोललीस. बाकी सगळे नुसते नाचतायत.”

तिने विचारलं म्हणून मी सांगितलं. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं. न विचारता दिलेली अशी कबुली म्हणजे माझा दुसरा मेसेजच झाला असता.

पुढचा आठवडा गावात सत्कारांचा होता. वेशीवर फ्लेक्स लागला, त्यावर बारकीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘उपजिल्हाधिकारी’. तिला अजून कुठलंच पद मिळालेलं नव्हतं. सर्वसाधारण यादीनंतर उमेदवारांनी पदांचा पसंतीक्रम भरायचा असतो, ज्यांना नको असेल ते बाहेर पडतात, मग पदांच्या शिफारशीची यादी लागते. त्यानंतर कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि नियुक्ती, त्यात महिने जातात. बारकीचा क्रमांक बघता उपजिल्हाधिकारी होणं अवघडच होतं. फ्लेक्स लावणाऱ्यांचं प्रेम खरं होतं. पण उद्या तिला नायब तहसीलदार मिळालं, तर ज्या गावाने आज तिला वर चढवलं त्याच गावात ती खाली आलेली दिसणार. जी पायरी तिने मागितलीच नव्हती, तिच्यावरून. एक काका तर म्हणाले, डीवायएसपी हो, वर्दीत शोभशील. बारकी म्हणाली, “काका, त्याला उंची लागते,” आणि सगळे हसले.

आजीने मात्र मीठ-मोहरीने तिची दृष्ट काढली आणि विचारलं, “आता तुला अभ्यासाला जायचं नाही ना? मग झोप की दोन दिस.” आजी काही तुलनेच्या पार गेलेली नाही. पाच सुनांमध्ये कुणाची भाकरी जाड, हे ती रोज सांगते. पण पद, क्रमांक, कटऑफ यातलं तिला काही कळत नाही, त्यामुळे तिला समोर फक्त नात दिसली, आणि नातीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं.

पसंतीक्रम भरायला बारकी माझ्याकडे पुण्याला आली. मुदत थोडे दिवसांची होती. कुठल्या पदाचं काम काय, बदल्या कशा, बढती कुठे, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्या रोजच्या दिवसात फरक काय, हे मी कधीकाळी मुलाखतीच्या स्वप्नापायी पाठ केलेलं होतं. ते सगळं बाहेर निघालं. आम्ही दोघी जमिनीवर बसून कागदावर पदं लिहीत होतो, वर-खाली करत होतो. ती म्हणाली, मला माणसांत राहायचंय, फायलींत नाही, आणि त्यावरून दोन पदं खाली सरकली. भाऊ अभ्यासिकेतून जेवायला आला. त्याने कागद बघितला, एका पदावर बोट ठेवून म्हणाला, “हे वर घे, तुला पाणीपुरवठ्याचं काम आवडेल.” मग ताट घेऊन बसला.

मला आठवलं, टँकरच्या रांगेत ती माझ्या कडेवर असायची तेव्हा भाऊ हंडे पुढे सरकवायचा.

बारकीने ते पद वर घेतलं.